हँडहेल्ड कन्सोलसाठी मायक्रोएसडी कार्ड: स्लॉट ओळखा, खुणा वाचा आणि अख्खं कार्ड भरून तपासा

कार्ड घ्यायला निघण्याआधी कन्सोलचा स्लॉट कोणत्या जातीचा आहे ते पक्कं करून घ्या. कितीही महागाचं कार्ड घातलं तरी ते स्लॉटच्या वेगापलीकडे पळत नाही. उलट स्लॉटला चालणारंच कार्ड नसेल, तर पैसे सरळ पाण्यात जातात. सांगलीत मारुती रोडला घ्या, साताऱ्यात राजपथावर घ्या किंवा ऑनलाइन मागवा, दुकानदाराला किंवा विक्रेत्याला हा स्लॉट माहीत असेलच असं धरून चालू नका. बहुतेक ग्राहक मोबाईलसाठी किंवा सीसीटीव्हीसाठी कार्ड मागतात आणि कार्ड त्याच हिशोबानं काढून दिलं जातं.

आज हातात दिसणाऱ्या कन्सोलांचे ढोबळमानानं तीन गट पडतात.

पहिल्या गटात निन्टेन्डो स्विच (जुना, लाइट आणि ओएलईडी) आणि स्टीम डेक. यांचा स्लॉट यूएचएस-१ जातीचा आहे. या जातीची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, आणि प्रत्यक्षात आकडा त्याच्या खालीच राहतो.

दुसऱ्या गटात एनबर्निक, मियू यांसारख्या कंपन्यांचे जुन्या गेम चालवणारे छोटे रेट्रो कन्सोल. यांना वेगाची फारशी भूकच नसते, कारण जुन्या कार्ट्रिजवरची गेम काही केबी ते काही एमबींची असते आणि ती एकदा रॅममध्ये आली की कार्डाचं काम जवळपास संपतं. इथं वेगापेक्षा कार्ड टिकाऊ असणं आणि योग्य पद्धतीनं फॉरमॅट केलेलं असणं जास्त महत्त्वाचं.

तिसऱ्या गटात २०२५ च्या जूनमध्ये आलेला निन्टेन्डो स्विच २. त्याला गेमसाठी फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड चालतं. जुन्या स्विचमधलं साधं कार्ड त्यात घातलं, तर त्यावरचे स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ तेवढे घेता येतात. गेम त्यावर ठेवता येत नाही. याच्या उलट, एक्सप्रेस कार्ड जुन्या स्विचमध्ये घातलं तर ते चालतं, पण यूएचएस-१ च्याच वेगानं. म्हणजे वरचे सगळे पैसे वाया.

पुढचा सगळा लेख जुन्या स्विचसाठी २५६ जीबीचं कार्ड घेणाऱ्याला समोर ठेवून लिहिला आहे, कारण नकली कार्डांचा सुळसुळाट याच आकारापासून पुढे जास्त जाणवतो. स्टीम डेकला यातलं जवळपास सगळं लागू पडतं. रेट्रो कन्सोलला जिथं वेगळं आहे, तिथं तसं सांगितलं आहे.

कार्डावरच्या खुणा

मायक्रोएसडी कार्ड करंगळीच्या नखाएवढं, आणि त्यावर सहा-सात चिन्हं कोंबलेली असतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून बघा, नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत.

सगळ्यात जास्त गफलत दोन खुणांमध्ये होते. एक आहे रोमन आकडा एक, म्हणजे नुसती उभी रेघ. तो कार्ड कोणत्या जातीच्या स्लॉटचा पूर्ण वेग घेऊ शकतं हे सांगतो. ही रेघ म्हणजे यूएचएस-१, आणि दोन रेघा म्हणजे यूएचएस-२. दुसरी खूण म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या पोटात लिहिलेला १ किंवा ३. ही कार्डाची लिहिण्याची किमान हमी सांगते: यू१ म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान १० एमबी, यू३ म्हणजे किमान ३०. त्यामुळे "यू३ आहे, म्हणजे यूएचएस-३ असणार" असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. यू३ कार्ड बहुतेक वेळा यूएचएस-१ जातीचंच असतं, आणि आपल्या स्विचला तेच हवं.

इंग्रजी सी अक्षराच्या आतला १० हीसुद्धा तीच हमी सांगतो, सेकंदाला १० एमबी लिहिण्याची. व्ही१०, व्ही३०, व्ही६०, व्ही९० या खुणा व्हिडिओ चित्रीकरणासाठी आहेत आणि आकडा थेट एमबीत वाचायचा. म्हणजे व्ही३० आणि यू३ यांची हमी सारखीच. हे सगळे वर्ग मुळात कॅमेऱ्यासाठी ठरवलेले आहेत. कॅमेरा सतत लिहीत असतो, मध्ये अडखळला तर चित्रीकरण तुटतं. कन्सोल मात्र बहुतेक वेळ कार्डावरून वाचत असतो. लिहितो तो फक्त गेम डाउनलोड करताना, आणि तिथंही अडसर कार्डाचा नसून इंटरनेटचा असतो. घरी १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन असेल तर ते सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी आणून देतं. यू३ कार्डाला तो वेग सहज झेपतो, आणि चांगल्या कंपनीचं यू१ कार्डही क्वचितच मागे पडतं. त्यामुळे कन्सोलसाठी व्ही६० किंवा व्ही९० च्या मागे लागायचं कारण नाही.

खेळताना जाणवणारी खूण म्हणजे ए१ आणि ए२. गेम म्हणजे एक अखंड फाइल नसते. पोत, आवाज, नकाशे असे हजारो तुकडे कार्डावर इकडेतिकडे पसरलेले असतात आणि गेम ते हवे तसे उचलत असते. अशी विखुरलेली वाचनं सेकंदाला किती होतात याची हमी ही खूण देते. ए१ मध्ये किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं, ए२ मध्ये ४००० आणि २०००. कागदावर ए२ बरंच पुढे दिसतं. पण ए२ चा तो आकडा मिळायला समोरच्या उपकरणानंही ए२ ची खास सोय वापरावी लागते. ती नसेल तर ए२ कार्ड ए१ सारखंच वागतं, काही वेळा किंचित हळूही. त्यामुळे त्याच कंपनीची दोन कार्डं समोर असतील आणि ए२ साठी बरेच पैसे जास्त पडत असतील, तर स्विचला ए१ घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. किंमत सारखीच असेल तर कोणतंही घ्या.

आता पुडक्यावर ठळक छापलेला आकडा, सेकंदाला १५०, १७०, २०० एमबी. तो खोटा नसतो, पण तो आपल्यासाठी नसतो. काही कंपन्या यूएचएस-१ च्या मानकाबाहेर जाऊन स्वतःच्या खास कार्ड रीडरमध्ये तेवढा वाचनवेग देतात. स्विच किंवा स्टीम डेकमध्ये ती खास पद्धत नाही, त्यामुळे तिथं सगळी कार्डं १०४ च्या आतच येऊन बसतात. कार्डावर गेम भरायच्या आधी घरच्या कॉम्प्युटरवर मोठी कॉपी करायची असेल आणि त्याच कंपनीचा रीडर जवळ असेल, तरच तो आकडा कामाचा.

या खुणांचा दुसरा उपयोग म्हणजे त्यांतली विसंगती पकडणं. नकली छपाई करणारे बहुतेक वेळा चिन्हं नुसती उचलून चिकटवतात. एसडीएचसी हे नाव २ जीबीच्या वर ते ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांचं आहे, आणि एसडीएक्ससी ३२ जीबीच्या वर ते २ टीबीपर्यंतच्या. म्हणजे २५६ जीबीच्या कार्डावर एसडीएचसी लिहिलेलं असेल, तर तिथंच ते कार्ड परत ठेवा. तसंच कार्ड उलटं करून सोनेरी पट्ट्या बघा. साध्या यूएचएस-१ कार्डाला वरच्या बाजूला पट्ट्यांची एकच रांग असते, आठ पट्ट्यांची. यूएचएस-२ आणि एक्सप्रेस कार्डांना तिच्याखाली आणखी एक रांग असते. पुढच्या बाजूला व्ही९० किंवा एक्सप्रेस छापलंय आणि मागे एकच रांग आहे, तर छपाई खोटी आहे. हे बघायला अर्धा मिनिट लागतो आणि रीडर-लॅपटॉप काहीच लागत नाही.

किती जीबी घ्यावं

जुना स्विच २ टीबीपर्यंतची कार्डं घेतो. आतली मेमरी मात्र ३२ जीबी, ओएलईडीत ६४. एकेक मोठी गेम सहज १५ जीबी खाते, त्यामुळे २५६ जीबीत १५ जीबीच्या पंधराएक गेम बसतात. बहुतेकांना ते पुरतं. सेव्ह केलेली प्रगती कार्डावर जात नाही, ती कन्सोलच्या आतच राहते. म्हणून कार्ड गेलं तर डाउनलोड केलेल्या गेम जातात, त्या परत उतरवता येतात. स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ कार्डावर असतील तर तेवढे मात्र कायमचे जातात.

दुकानात एक प्रश्न हमखास येतो: "२५६ चं कार्ड लावलं तर विंडोज २३८ च दाखवतंय, म्हणजे नकली ना?" नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. २५६ ला त्या हिशोबानं भागलं की २३८ च्या आसपास येतात, १२८ चे ११९, ५१२ चे ४७६. यात एखाद-दोन जीबीचा फरक चालतो. या आकड्यावरून अस्सल-नकली काहीच कळत नाही, कारण तोच आकडा नकली कार्डही दाखवतं. ते कसं, ते पुढे येतंच.

रेट्रो कन्सोलच्या माहितीपत्रकात "१२८ जीबीपर्यंत" असं लिहिलेलं असतं. अनेकदा अडचण आकारापेक्षा फॉरमॅटची असते. ३२ जीबीहून मोठं कार्ड दुकानातून exFAT मध्ये येतं आणि छोट्या कन्सोलला पुष्कळदा FAT32 लागतं. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीहून मोठ्या कार्डाला FAT32 चा पर्याय वर्षानुवर्षं मिळत नव्हता, म्हणून लोक Rufus किंवा guiformat वापरतात. FAT32 मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, हेही लक्षात असू द्या. या कन्सोलांना ६४ किंवा १२८ जीबीचं नामवंत कंपनीचं ए१ कार्ड भरपूर झालं. कन्सोलबरोबर फुकट आलेलं बिननावाचं कार्ड मात्र पहिल्याच आठवड्यात बदला. त्यावरचं सगळं आधी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, कारण काही कन्सोलांची अख्खी सिस्टीमच त्या कार्डावर असते.

नकली कार्ड फसवतं कसं

कार्डाच्या आत दोन गोष्टी असतात: डेटा साठवणारी फ्लॅश चिप आणि तिच्याशी बोलणारा एक छोटा कंट्रोलर. कॉम्प्युटर किंवा कन्सोल चिप मोजत नाही. तो कंट्रोलरला विचारतो, "तू किती जीबीचा?" आणि कंट्रोलर त्याच्यात लिहून ठेवलेला आकडा सांगतो. नकली कार्ड बनवणारा हा आकडा बदलतो. आत ३२ जीबीची चिप, आणि कंट्रोलर छातीठोकपणे सांगतो २५६. म्हणून विंडोजच्या Properties मध्ये, मोबाईलच्या सेटिंगमध्ये, स्विचच्या पडद्यावर, सगळीकडे २५६ च्या हिशोबाचाच आकडा दिसतो. "दादा, इथंच मोबाईलमध्ये घालून दाखवतो की" असं दुकानदार म्हणाला आणि मोबाईलनं २३८ दाखवले, तर त्यानं काहीही सिद्ध होत नाही. दुकानदार बऱ्याचदा खोटं बोलत नसतो, त्यालाही वरून तसाच माल आलेला असतो.

३२ जीबी भरेपर्यंत हे कार्ड अगदी शहाण्यासारखं वागतं. त्यानंतर येणारा डेटा दोनपैकी एका वाटेनं जातो. काही कंट्रोलर तो घेतल्यासारखं करतात आणि टाकून देतात. काही परत सुरुवातीला येऊन जुन्या डेटावरच लिहितात. पहिल्या प्रकारात फाइलचं नाव दिसतं, आकार बरोबर दिसतो, उघडायला गेलं की आत कचरा. दुसऱ्या प्रकारात कालपर्यंत चालणारी गेम आज बिघडते, आणि कार्डाच्या सुरुवातीला असलेला फाइलींचा तक्ताच पुसला गेला तर कार्ड एकदम "फॉरमॅट करा" म्हणू लागतं.

स्विचवर हे कसं दिसतं ते आकड्यांत बघू. आत ३२ जीबी, बाहेर २५६. चौदा-चौदा जीबीच्या दोन गेम उतरवल्या, २८ जीबी झाले, दोन्ही छान चालतात. तिसरी गेम उतरवली. डाउनलोड शंभर टक्के पूर्ण, चिन्ह पडद्यावर आलं, पण सुरू करताच डेटा खराब असल्याचा संदेश. गेमवर + दाबून Manage Software मध्ये Check for Corrupt Data चालवलं तरी तेच. घरातला माणूस इंटरनेटला दोष देतो, गेम काढून परत उतरवतो, परत तेच होतं. इथं एक खूण ओळखून ठेवा: तीच तिसरी गेम एकटी, रिकाम्या कार्डावर उतरवली तर चालते. बिघाड गेमचा असता तर ती एकटीही चालली नसती. कार्ड किती भरलंय यावर बिघाड अवलंबून असेल, तर कार्डाच्या क्षमतेचा संशय घ्या.

घेताना

दोन-तीन ठिकाणचा भाव बघा. ज्या कंपनीचं आणि ज्या आकाराचं कार्ड सगळीकडे जवळपास एकाच भावात आहे, ते कुणी निम्म्याहून कमी किमतीत देत असेल, तर ती सवलत नसते. १ किंवा २ टीबीचं कार्ड काही शेकड्यांत मिळतंय अशी जाहिरात दिसली, तर तपासणीचेही कष्ट घेऊ नका.

ऑनलाइन घेताना साइटचं नाव पुरेसं नाही, त्याखाली विक्रेता कोण आहे ते वाचा. कंपनीचं अधिकृत दुकान किंवा साइटचा मुख्य विक्रेता निवडा. परत घेण्याची मुदत किती दिवसांची आणि पैसे परत मिळतात की फक्त बदलून मिळतं, तेही आधीच बघा. पाकीट उघडताना सलग व्हिडिओ काढा, त्यात पाकिटावरचा पत्ता आणि कार्डावरचा नंबर दिसू द्या.

दुकानातून घेत असाल तर पक्कं बिल मागा आणि त्यावर कंपनी, आकार आणि कार्डावर छापलेला सिरीयल नंबर लिहून घ्या. एक वाक्य आधीच बोलून ठेवलेलं बरं: "घरी अख्खं कार्ड भरून तपासणार आहे, कमी निघालं तर परत घ्याल ना?" गणपती पेठेतला असो की पोवई नाक्यावरचा, चांगला दुकानदार याला सरळ हो म्हणतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून केबल घ्या, कार्ड नको.

अख्खं कार्ड तपासणं

नकली क्षमता पकडायची एकच खात्रीची पद्धत आहे: कार्ड काठोकाठ भरायचं आणि मग सगळं परत वाचून जुळवायचं. चार-पाच सिनेमे कॉपी करून बघणं पुरत नाही, कारण ते खऱ्या ३२ जीबीतच मावू शकतात. शिवाय नुकतीच कॉपी केलेली फाइल कॉम्प्युटर स्वतःच्या रॅममधून दाखवू शकतो, कार्डापर्यंत जातच नाही. म्हणून आधी सगळं लिहून संपवायचं आणि मगच पहिल्या बाइटपासून वाचायला घ्यायचं, हा क्रम महत्त्वाचा आहे. विंडोजवर हे काम H2testw नावाचा छोटा, फुकट प्रोग्रॅम करतो. तो इन्स्टॉलही करावा लागत नाही.

वेळेचा अंदाज आधी बांधा. २५६ जीबी म्हणजे २,५६,००० एमबी. यूएसबी ३ चा रीडर असेल आणि कार्ड सेकंदाला ३० एमबीनं लिहीत असेल, तर लिहायला सुमारे २ तास २२ मिनिटं; ८० नं वाचत असेल तर वाचायला ५३ मिनिटं. जुन्या यूएसबी २ रीडरवर २० नं लिहून ३५ नं वाचलं, तर साडेपाच तासांच्या पुढे जाईल. मध्ये लॅपटॉप झोपी गेला तर चाचणी अडकते, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा. डेस्कटॉप असेल तर ज्या दिवशी लाइट जाणार असते तो दिवस टाळा. लॅपटॉपची बॅटरी असेल तर चार्जर लावून रात्री सुरू करून ठेवणं सोपं.

कार्ड रिकामं असू द्या, कारण हा प्रोग्रॅम फक्त मोकळी जागा तपासतो. रीडरमध्ये कार्ड घाला आणि त्याला कोणतं ड्राइव्ह अक्षर मिळालं ते बघा. H2testw उघडा, भाषा English करा, Select target वर जाऊन तेच अक्षर निवडा. इथं घाईत चुकून दुसरी डिस्क निवडू नका. जुन्या फाइली पुसल्या जात नाहीत, पण तासाभराचा वेळ वाया जातो. त्याखाली all available space हा पर्याय ठेवा आणि Write + Verify दाबा. एकेक जीबीच्या .h2w फाइली कार्डावर तयार होत जातील, काठोकाठ भरल्या की वाचन आपोआप सुरू होईल.

मॅक किंवा लिनक्सवर f3 वापरा. कार्ड ज्या जागी जोडलं गेलंय तो मार्ग द्यायचा:

```
f3write /media/ghar/SWITCH
f3read /media/ghar/SWITCH
```

मॅकवर मार्ग /Volumes/ ने सुरू होतो, एवढाच फरक.

आता निकाल वाचायचा. H2testw नं शेवटी Test finished without errors म्हटलं, म्हणजे कार्डावर सांगितलेली सगळी जागा खरी आहे. त्याऐवजी The media is likely to be defective असं आलं तर खालच्या दोन ओळी बघा. एका ओळीत किती जीबी OK आणि दुसरीत किती DATA LOST ते लिहिलेलं असतं. २५६ च्या कार्डावर सुमारे २९ जीबी OK आणि उरलेले दोनशेहून जास्त LOST, असा निकाल म्हणजे आत ३२ ची चिप आणि कंट्रोलरमध्ये खोटा आकडा. f3read मध्येही हेच Data OK आणि Data LOST या नावांनी दिसतं. पण जवळपास सगळं OK आणि थोडासाच भाग LOST असेल, तर तो नकलीपणा असेलच असं नाही. खराब रीडर, अडॅप्टरची सैल पट्टी किंवा यूएसबीचं ढिलं पोर्ट यांनीही असं होतं. अडॅप्टर काढा, दुसऱ्या रीडरमध्ये घालून परत चाचणी करा. दुसऱ्यांदाही तसंच आलं तर दोष कार्डाचाच.

निकालात Writing speed आणि Reading speed ही असतात, तीही बघा. फसवणुकीचा दुसरा प्रकार इथं सापडतो: क्षमता खरी, पण स्वस्तातल्या हळू कार्डावर नामवंत कंपनीचं लेबल. चांगल्या यूएसबी ३ रीडरमध्ये यू३ लिहिलेलं कार्ड सेकंदाला १२-१५ एमबीनंच लिहीत असेल, तर ते यू३ नाही. यूएसबी २ रीडरवरच्या आकड्यावरून मात्र असा निष्कर्ष काढू नका, तिथं रीडरच हळू असतो.

नकली निघालं तर निकालाच्या खिडकीचा फोटो काढा, ज्यात आकडे आणि ड्राइव्ह अक्षर दिसेल. बिल आणि तो फोटो घेऊन दुकानात जा, किंवा साइटवर परतावा मागताना जोडा. "वस्तू सदोष" याऐवजी "क्षमता छापील आकड्यापेक्षा कमी, चाचणीचा निकाल सोबत" असं लिहा. म्हणजे नुसतं उघडून चालतंय का एवढंच बघून परतावा नाकारता येत नाही. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. काही जण ते कार्ड खऱ्या ३२ जीबीपुरतं विभागून वापरायची युक्ती सांगतात. तांत्रिकदृष्ट्या ते जमतं, पण अशा कार्डांत चिपच बहुधा कमी प्रतीची भरलेली असते. स्क्रीनशॉट आणि मुलांचे व्हिडिओ तिच्या भरवशावर ठेवू नका.

पास झालेलं कार्ड कन्सोलमध्ये

.h2w फाइली काढून टाका. स्विच पूर्ण बंद करा, नुसता स्लीप नाही, आणि कार्ड घाला. सुरू झाल्यावर System Settings, मग System, मग Formatting Options, मग Format microSD Card. कॉम्प्युटरवर केलेल्या फॉरमॅटपेक्षा कन्सोलनं स्वतः केलेला बरा, त्याला हवी तशी मांडणी तो करून घेतो. exFAT साठी अपडेट मागितलं तर वायफाय जोडून ते आधी होऊ द्या.

जुन्या छोट्या कार्डावरच्या गेम परत उतरवायच्या नसतील, तर हा फॉरमॅट आधी उरका आणि मगच कॉपीला लागा. क्रम उलटा झाला तर कॉपी केलेलं सगळं पुसलं जाईल. फॉरमॅट झाल्यावर कन्सोल परत बंद करा. जुन्या कार्डावरचा Nintendo नावाचा फोल्डर आधी कॉम्प्युटरवर आणि तिथून नव्या कार्डावर घ्या. हे त्याच कन्सोलच्या कार्डांपुरतंच चालतं, दुसऱ्याच्या स्विचचं कार्ड आणून गेम चालत नाहीत. आणि दोन वेगवेगळ्या कार्डांवर वाटलेल्या गेम एकत्र करायची सोय स्विचमध्ये नाही, त्यामुळे "आत्ता १२८ घेऊ, पुढे अजून एक घेऊ" असा हिशोब करत असाल तर थोडं थांबून २५६ च घ्या. नव्या कार्डावरच्या दोन-तीन मोठ्या गेम सुरू करून बघितल्याशिवाय जुनं कार्ड पुसू नका.